दहा लाखांपर्यंत मोठ्याने मोजायला किती वेळ लागेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

एकपासून दहा लाखांपर्यंतच्या सर्व संख्या एकही न गाळता मोठ्याने उच्चारायच्या ठरवल्या, तर किती वेळ लागेल, हा प्रश्न ऐकायला साधा आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी कागद, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढीच सामग्री पुरते. तरीही त्याची जी उत्तरे सर्रास दिली जातात, ती खऱ्या उत्तराच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी असतात. बहुतेकांचे उत्तर ‘साधारण साडेअकरा दिवस’ असे असते. मराठीतून, पूर्ण संख्या स्पष्ट उच्चारत मोजले तर अजिबात न थांबता, न झोपता सुमारे एक महिना लागतो, आणि रोज आठ तास बसणाऱ्या माणसाला चार ते पाच महिने लागतात. ही तफावत गुणाकार-भागाकार चुकल्यामुळे येत नाही. हिशेब करण्याआधी जी गोष्ट गृहीत धरली जाते, तीच चुकलेली असते.

‘एका संख्येला एक सेकंद’ हे गृहीतक

साडेअकरा दिवसांचे उत्तर कुठून येते, ते आधी पाहू. दहा लाख संख्या, प्रत्येकीला एक सेकंद, म्हणून दहा लाख सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार केला की ११ दिवस, १३ तास, ४६ मिनिटे आणि ४० सेकंद असे उत्तर मिळते. भागाकार अचूक आहे, आणि उत्तर इतके नेमके दिसते की त्यावर विश्वास बसतो.

आता ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार आठशे एकवीस’ ही संख्या नेहमीच्या बोलण्याच्या गतीने, कोणताही शब्द न खाता उच्चारून पाहा. ती एका सेकंदात होत नाही. साधारण अडीच सेकंद लागतात आणि पुढची संख्या सुरू करण्याआधी क्षणभर थांबावेही लागते. ‘सात’ किंवा ‘वीस’ म्हणायला एक सेकंद पुरून उरतो हे खरे, पण दहा लाखांच्या प्रवासात अशा छोट्या संख्या जवळजवळ नसल्यातच जमा आहेत. १,००,००० ते ९,९९,९९९ या सहा अंकी संख्या नऊ लाख आहेत, म्हणजे एकूण मोजणीचा ९० टक्के भाग. पाच अंकी संख्या ९०,०००, चार अंकी ९,०००, आणि एक, दोन व तीन अंकी संख्या सगळ्या मिळून केवळ ९९९. म्हणून सहा अंकी संख्या म्हणायला किती वेळ लागतो, या एका गोष्टीवर जवळजवळ सगळे उत्तर ठरते.

सुरुवातीचा वेग पुढे ताणणे

एका सेकंदाचे गृहीतक सोडून जे प्रत्यक्ष मोजून पाहतात, ते योग्य दिशेने एक पाऊल पुढे आलेले असतात. मात्र ते बहुधा एकपासून सुरुवात करतात, शंभरपर्यंत किंवा फार तर हजारापर्यंत मोजतात, लागलेला वेळ टिपतात आणि त्याला अनुक्रमे दहा हजाराने किंवा हजाराने गुणतात. ही चूक पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण इथे प्रत्यक्ष मोजमाप केल्याचे समाधान मिळते.

ती किती महागात पडते, हे पाहण्यासाठी संख्यांची लांबी मोजण्याचे एक माप लागेल. मी उच्चारखंड हे माप वापरतो. उच्चारखंड म्हणजे एका झटक्यात तोंडातून बाहेर पडणारा तुकडा. ‘बावीस’चे दोन तुकडे होतात, बा आणि वीस. ‘सत्तावीस’चे तीन, सत्, ता आणि वीस. ‘वीस’चा एकच. मोजणीत सरासरी एका उच्चारखंडाला, मधल्या थांबण्यासकट, पाव सेकंद लागतो असे तूर्त धरून चालू. हा आकडा प्रत्येकाने स्वतःसाठी कसा काढायचा, ते पुढे येईलच.

पहिल्या हजार संख्यांत सुमारे ४,५८० उच्चारखंड आहेत, म्हणजे संख्येमागे साडेचार. पाव सेकंदाच्या हिशेबाने पहिला हजार १९ मिनिटांत संपतो. याला हजाराने गुणले की सुमारे ३१८ तास, म्हणजे सव्वातेरा दिवस येतात, आणि साडेअकरा दिवसांचे प्रचलित उत्तर जवळपास बरोबरच होते असा समज पक्का होतो. पण सहा अंकी संख्यांच्या पट्ट्यातला सर्वसाधारण हजार, समजा ६,३८,००० ते ६,३८,९९९, याच गतीने म्हणायला पाऊण तासाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

काही जण अधिक जिद्दीने मोठा टप्पा घेतात आणि पहिल्या एक लाखाचा वेळ काढून त्याला दहाने गुणतात. हा अंदाज बराच जवळ जातो, पण तोही सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरतो. कारण सरळ आहे. एक लाख ओलांडल्यावर प्रत्येक संख्येच्या पुढे ‘चार लाख’, ‘सहा लाख’ असा जोड लागतो आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही. पहिल्या लाखात हा जोड एकाही संख्येला नसतो.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी अशा सहा गटांचा प्रत्येकी सरासरी वेळ काढून त्या सहा सरासरींची पुन्हा सरासरी घेणे. त्यामुळे नऊ संख्यांच्या गटाला आणि नऊ लाख संख्यांच्या गटाला सारखेच वजन मिळते. अशा रीतीने संख्येमागे साधारण सव्वासहा उच्चारखंड येतात, तर खरी सरासरी अकराच्या पुढे आहे. गट पाडण्यात गैर काही नाही, फक्त प्रत्येक गटाच्या सरासरीला त्या गटातल्या संख्यांच्या मोजदादीने गुणले पाहिजे.

लांबी मोजताना होणारे घोटाळे

आता एकूण उच्चारखंड किती होतात, हे काढू. हा भाग सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण एकदा तो हाती आला की पुढचा सगळा अंदाज सोपा होतो.

पहिला घोटाळा लिहिलेली अक्षरे मोजल्याने होतो. ‘दोन’ लिहिताना दोन अक्षरे दिसतात, पण म्हणताना शेवटचा ‘न’ सुटा उच्चारला जात नाही, त्यामुळे उच्चारखंड एकच. ‘अकरा’ तीन अक्षरांचा, पण उच्चार अक्‌-रा असा दोन खंडांचा. कागदावरची अक्षरे धरली तर आकडा बराच फुगतो. म्हणून प्रत्येक शब्द तोंडाने म्हणून, बोटावर ठेका धरून मोजावा.

दुसरा घोटाळा असा की मराठीत एक ते नव्व्याण्णव या संख्यांना स्वतंत्र नावे आहेत आणि ती एका मापाची नाहीत. अकरा ते वीस या दहा शब्दांत मिळून २० उच्चारखंड आहेत, एकवीस ते तीस यांत २२, एकतीस ते चाळीस यांतही २२. पण एकेचाळीस ते पन्नास या दशकात हा आकडा एकदम ३६ वर जातो, एकाहत्तर ते ऐंशीत ३५ आणि एक्याऐंशी ते नव्वदमध्ये पुन्हा ३६. ‘पंचेचाळीस’, ‘चौऱ्याहत्तर’, ‘अठ्ठ्याऐंशी’ हे चार-चार खंडांचे शब्द या तीन दशकांत दाटीने येतात. दोन-चार शब्द पाहून सरासरी ठरवली, तर ती कोणते शब्द निवडले यावर हेलकावे खाते. एक ते नव्व्याण्णव हे सगळे शब्द मोजले की बेरीज २५८ येते. बोलीप्रमाणे एखाददुसऱ्या शब्दात फरक पडेल, पण निकालाला धक्का लागण्याइतका नाही.

ही २५८ ची बेरीज हाती आली की दहा लाखांची बेरीज वहीच्या एका पानावर मावते. कोणतीही सहा अंकी संख्या चार तुकड्यांची असते: लाख, हजार, शेकडा आणि शेवटचे दोन अंक. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करू.

शेवटचे दोन अंक एक ते नव्व्याण्णव असे दर शंभर संख्यांत एकदा फिरतात. दहा लाखांत अशी शंभरे दहा हजार आहेत. २५८ ला दहा हजारांनी गुणले की २५,८०,००० उच्चारखंड.

शेकड्याच्या तुकड्यात ‘एकशे’ ते ‘नऊशे’ असे नऊ शब्द आहेत आणि त्यांचे मिळून २० खंड होतात. नेमक्या शंभराला आपण ‘एकशे’ न म्हणता ‘शंभर’ म्हणतो, पण त्याचेही दोनच खंड असल्याने बेरीज बदलत नाही. यांतला प्रत्येक शब्द दर हजारात शंभर वेळा येतो आणि हजार-हजारांचे गट एक हजार आहेत. म्हणून २० गुणिले एक लाख, म्हणजे २०,००,०००.

हजाराच्या तुकड्यात पुन्हा तेच एक ते नव्व्याण्णव शब्द येतात, पण प्रत्येकाला ‘हजार’ हा दोन खंडांचा शब्द जोडलेला असतो. २५८ मध्ये नव्व्याण्णवाची दुप्पट १९८ मिळवली की ४५६. यांतली प्रत्येक जोडी दर लाखात एक हजार वेळा येते आणि दहा लाखांत एकंदर दहा हजार वेळा. त्यामुळे ४५,६०,०००. चारही तुकड्यांत हाच सर्वांत जड आहे.

लाखाच्या तुकड्यात ‘एक लाख’ ते ‘नऊ लाख’ यांचे मिळून २० खंड आणि प्रत्येक जोडी एक लाख वेळा, म्हणून २०,००,०००.

सर्वांची बेरीज १,११,४०,०००. शेवटच्या ‘दहा लाख’चे तीन खंड यात मिळवले काय आणि न मिळवले काय, सारखेच. म्हणजे संख्येमागे सरासरी ११ पेक्षा किंचित जास्त उच्चारखंड. साडेअकरा दिवसांच्या उत्तराची परीक्षा आता एका वाक्यात होते: ते उत्तर खरे ठरायचे असेल, तर माणसाने श्वासही न घेता, सलग साडेअकरा दिवस दर सेकंदाला अकरा उच्चारखंड बाहेर टाकले पाहिजेत. स्पष्ट उच्चारात सेकंदाला चार-पाच खंड हीच सर्वसाधारण माणसाची सुखाची गती असते. कोणाचाही अंदाज समोर आला की ही उलटी तपासणी आधी करावी, कारण चूक कुठे आहे हे कळले नाही तरी ती आहे एवढे तिच्यातून लगेच दिसते.

चाचणीसाठी चुकीच्या संख्या निवडणे

प्रत्येकाची बोलण्याची गती वेगळी असते, त्यामुळे पाव सेकंदाचा आकडा स्वतःच्या आवाजावर तपासून घेणे आवश्यक आहे. सहा अंकी संख्यांवरच चाचणी घ्यायची, हे आता स्पष्ट आहे, पण त्यातही निवड चुकते. सहा अंकी म्हटल्यावर बहुतेक जण १,००,००१ पासून सुरू करतात. ‘एक लाख एक’, ‘एक लाख दोन’, ‘एक लाख तीन’ या संख्यांत हजार आणि शेकडा हे दोन्ही तुकडे गायब आहेत आणि प्रत्येकी तीन खंडांत काम संपते. अशा साठ संख्या पटापट म्हणून झाल्या, की गती फारच चांगली असल्याचा भास होतो. उलट ‘नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी’ ही संख्या सोळा खंडांची आहे आणि तिच्या आसपास चाचणी घेतली, तर अंदाज विनाकारण वाढतो.

यावर उपाय म्हणजे चाचणी कुठेही घ्यावी, पण निकाल संख्यांमागे न काढता उच्चारखंडांमागे काढावा. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ३,४७,८२१ पासून ३,४७,८५० पर्यंतच्या तीस संख्या घेऊ. ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार आठशे’ हा भाग प्रत्येक वेळी येतो आणि त्याचे दहा खंड आहेत: तीन, लाख, सत्, ते, चा, ळीस, ह, जार, आठ, शे. तीस संख्यांत त्याचे ३०० खंड झाले. उरलेल्या भागात एकवीस ते तीसचे २२, एकतीस ते चाळीसचे २२ आणि एकेचाळीस ते पन्नासचे ३६, मिळून ८०. एकूण ३८०.

या तीस संख्या म्हणायला, सहज येतील त्या थांब्यांसकट, समजा ९५ सेकंद लागले. ९५ ला ३८० ने भागले की खंडामागे पाव सेकंद येतो. आता १,११,४०,००० ला पाव सेकंदाने गुणा: २७,८५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ७७४ तास, म्हणजे ३२ दिवसांहून थोडे अधिक. याच चाचणीत ९५ ला ३० ने भागून संख्येमागे ३.१७ सेकंद काढले असते आणि दहा लाखांनी गुणले असते, तर जवळजवळ ३७ दिवस आले असते. साडेचार दिवसांचा हा फरक केवळ ‘सत्तेचाळीस’ हा लांब शब्द नमुन्यात तीसही वेळा आल्यामुळे पडला.

चाचणी करताना संख्या कागदावर लिहून वाचू नयेत, मनात पुढची संख्या तयार करत म्हणाव्यात. वाचण्याची गती आणि मोजण्याची गती वेगळी असते. ‘सातशे नव्व्याण्णव’ नंतर ‘आठशे’वर येताना, किंवा हजार बदलताना, जीभ किंचित अडखळते, आणि मोजणीत ते अडखळणे दर शंभर संख्यांनी येतच राहणार. छापील यादी वाचताना ते जाणवत नाही. म्हणून एकदा तरी चाचणीचा टप्पा असा घ्यावा की त्यात शेकडा आणि हजार दोन्ही बदलतील, समजा ५,२६,९८० ते ५,२७,०२०.

थांबे न धरणे

बोलण्याचा शुद्ध वेग सेकंदाला पाच खंड असा कुठूनतरी घेऊन थेट भागाकार केला, तर २२,२८,००० सेकंद, म्हणजे पावणेसव्वीस दिवस येतात. त्यात दोन संख्यांमधला थांबा नसतो. दर संख्येनंतर अर्धा सेकंद ही फारच माफक विश्रांती आहे, तेवढ्यात माणूस श्वास घेतो आणि पुढची संख्या मनात जुळवतो. पण अर्धा सेकंद दहा लाख वेळा म्हणजे पाच लाख सेकंद, म्हणजे ५ दिवस आणि जवळजवळ १९ तास. ते मिळवले की आकडा पुन्हा साडेएकतीस दिवसांच्या घरात येतो आणि वरच्या चाचणीशी जुळतो. दोन वेगळ्या वाटांनी काढलेली उत्तरे अशी जवळ आली, की अंदाजावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ती फार दूर राहिली, तर बहुधा थांबे एकीकडे धरले आणि दुसरीकडे सोडले, असे झालेले असते.

सलग दिवस आणि माणसाचे दिवस यांची गल्लत

बत्तीस दिवस हे उत्तर चोवीस तास अखंड बोलणाऱ्या, न झोपणाऱ्या, न जेवणाऱ्या कोणाचे तरी आहे. असा माणूस नसतो. तरीही ‘एका महिन्यात होईल’ असे वाक्य सहज निघून जाते, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी दिशाभूल त्याच वाक्यात आहे. म्हणून उत्तर आधी तासांत सांगावे आणि मग रोज किती तास बोलणे शक्य आहे, त्यावरून दिवस काढावेत.

रोज आठ तास बसायचे, पण दर तासाला पन्नास मिनिटे बोलायचे आणि दहा मिनिटे घसा व डोके शांत ठेवायचे, असे धरले तर प्रत्यक्ष बोलणे रोज ४०० मिनिटे होते. ७७४ तासांना त्याने भागले की ११६ दिवस. ही गोष्ट तपासण्याचा एक सुटसुटीत मार्गही आहे: सहा अंकी संख्यांचा एक हजार म्हणायला पाव सेकंदाच्या हिशेबाने सरासरी ४७ मिनिटे लागतात, म्हणजे विश्रांती धरून साधारण तासाला एक हजार. असे हजार तास हवेत. रोज आठ तास धरले तर १२५ दिवस. सुरुवातीचे छोटे हजार लवकर संपतात म्हणून हा आकडा किंचित जास्त आहे, पण तोंडी हिशेबासाठी तो चोख आहे.

प्रत्यक्षात हे करून दाखवणाऱ्या माणसाचा अनुभव अंदाज आणखी वर नेतो. जेरेमी हार्पर या अमेरिकन माणसाने २००७ साली १८ जून ते १४ सप्टेंबर अशा ८९ दिवसांत, रोज सोळा तास देऊन, दहा लाखांपर्यंत मोठ्याने मोजले, आणि त्याची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. ८९ गुणिले १६ म्हणजे १,४२४ तास. संख्येमागे सरासरी पाच सेकंदांहून थोडे जास्त, तासाला सुमारे सातशे संख्या. हार्परने इंग्रजीतून मोजले, आणि इंग्रजीत ‘हंड्रेड’ व ‘थाउजंड’ हे दोन-दोन खंडांचे शब्द वारंवार येत असल्याने एकूण उच्चारखंड सुमारे १ कोटी ३२ लाख होतात, म्हणजे मराठीपेक्षा वीस लाखांनी जास्त. त्यामुळे ८९ दिवसांचा आकडा जसाच्या तसा मराठीला लावणे हीदेखील चूकच ठरेल. पाव सेकंदाच्या हिशेबाने त्या मोजणीला ९१७ तास लागायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक लागले. त्या सोळा तासांत बोलणे, थांबणे, पाणी पिणे, थकून गती मंदावणे हे सगळे एकत्र आले आहे, आणि अंदाजासाठी तेच हवे असते. हाच दीडपटीचा गुणक मराठीच्या ७७४ तासांना लावला, तर सुमारे १,२०० तास होतात: रोज सोळा तास दिले तर अडीच महिने, रोज आठ तास दिले तर पाच महिने.

गती किती मंदावते, हे छोट्या प्रमाणावर घरीही पाहता येते. कोणत्याही सहा अंकी संख्येपासून सलग अर्धा तास मोजा आणि पहिल्या पाच मिनिटांतल्या व शेवटच्या पाच मिनिटांतल्या संख्या वेगळ्या टिपा. ज्याची चाचणी एकाच मिनिटाची आहे, त्याने ताज्या घशाची आणि ताज्या लक्षाची गती मोजली आहे, आणि ती शेकडो तास टिकेल असे धरले आहे.

नियम न ठरवता वेळ सांगणे

दोन माणसांच्या अंदाजांत मोठा फरक पडला, तर दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत का, हे आधी पाहावे. काही जण ३,४७,८२१ ही संख्या ‘तीन चार सात आठ दोन एक’ अशी सुटे अंक म्हणून उच्चारतात. शून्य ते नऊ या अंकांची सरासरी लांबी १.३ खंड आहे, त्यामुळे सहा अंकांना पावणेआठच्या आसपास खंड लागतात आणि वेळ सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. काही जण ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार’ हा भाग एकदाच म्हणून पुढे फक्त ‘आठशे एकवीस, आठशे बावीस’ असे म्हणत जातात. तेव्हा तर प्रत्येक हजार पहिल्या हजारासारखाच छोटा होतो आणि सव्वातेरा दिवसांचे उत्तर बरोबर ठरते. या पद्धती बेकायदा नाहीत, पण त्या निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पूर्ण संख्या, तिच्या नावाने, प्रत्येक वेळी, हा नियम असेल तरच वरचे आकडे लागू आहेत.

उत्तर किती बारकाईने सांगावे, हाही नियमाचाच भाग आहे. खंडामागचा वेळ पाव सेकंद धरला आहे, तो ०.२३ असू शकतो किंवा ०.२८ असू शकतो, आणि एवढ्याने एकूण वेळ ७१२ तासांपासून ८६६ तासांपर्यंत सरकतो. अशा अंदाजात मिनिटे आणि सेकंद लिहिण्याला काही आधार नसतो. ‘सलग बोलल्यास सातशे ते नऊशे तास’ असे म्हणणे प्रामाणिक आहे.

मोजणी चुकल्यास जाणारा वेळ

अंदाजात जवळजवळ कधीच न धरली जाणारी बाब म्हणजे विसरणे. ‘सहा लाख एकोणऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव’ म्हटल्यावर पुढे ‘सहा लाख ऐंशी हजार’ यायला हवे, पण थकलेल्या डोक्याला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत घोटाळा व्हायला वेळ लागत नाही, आणि तसा तो झाला तर एका क्षणात दहा हजार संख्या गळतात. उलट दिशेने झाला तर त्याच दहा हजार पुन्हा म्हटल्या जातात, म्हणजे एक दिवसाहून अधिक काम वाया जाते. म्हणून दर हजार पूर्ण झाला की कागदावर खूण करावी. अशा एक हजार खुणा होतील, प्रत्येकीला पाच सेकंद धरले तरी सगळ्या मिळून दीड तासाच्या आत होतात, म्हणजे एकूण वेळेत त्यांचा भार नगण्य आहे. खूण करताना ती हजाराच्या आकड्यासह लिहावी, नुसत्या रेघा ओढू नयेत. नुसत्या रेघांवरून आपण ६७९ व्या हजारात आहोत की ६८० व्या, हे सांगता येत नाही. आकडा लिहिलेला असेल, तर शंका आल्यावर जास्तीत जास्त तासाभरापूर्वीच्या जागी परत जावे लागते, त्याहून मागे नाही.